ओसरता परिणाम आणि त्याची तीन नावे

वैद्यकीय महाविद्यालयांच्या औषधिविज्ञानाच्या प्रयोगशाळेत, काजळी धरलेला कागद फिरत्या ढोलावर गुंडाळून, बेशुद्ध केलेल्या कुत्र्याचा रक्तदाब लेखणीच्या टोकाने त्यावर उमटवून घेण्याची जी पद्धत पूर्वी रूढ होती, तिच्यात एक प्रयोग विद्यार्थ्यांना हटकून दाखविला जात असे. एफेड्रीनची ठरावीक मात्रा शिरेतून दिली की काळ्या कागदावरची पांढरी रेघ चढू लागे आणि एक ठसठशीत डोंगर उमटे. दहा-पंधरा मिनिटे थांबून, रेघ पुन्हा सपाटीवर आली की तीच मात्रा तेवढ्याच द्रवातून पुन्हा दिली जाई. या वेळी डोंगर उमटे, पण तो पहिल्याहून बुटका असे. तिसऱ्या वेळी टेकडी, चौथ्या वेळी नुसता उंचवटा, आणि पुढे रेघ जणू काही घडलेच नाही अशी सरळ चालू राही. मी विद्यार्थी असताना हा प्रयोग प्रथम पाहिला तेव्हा, प्राणी थकला असावा आणि आता त्याच्या रक्तवाहिन्या कशालाच दाद देणार नाहीत, अशी माझी खात्री झाली होती. परंतु त्याच क्षणी शिक्षकांनी अ‍ॅड्रिनॅलिनचे काही मायक्रोग्रॅम त्याच शिरेत सोडले, आणि रेघ सरळ वर चढून तिने पहिल्या डोंगराइतकाच उंच डोंगर काढला.

या शेवटच्या डोंगरात या प्रकरणाचा सारा विषय साठविलेला आहे. औषध तेच, मात्रा तीच, देण्याची रीत तीच, आणि तरीही परिणाम उतरत जातो, हा अनुभव वैद्यांना आणि रुग्णांना सारखाच परिचित आहे. आणि त्याला टॉलरन्स म्हणजे सह्यता, टॅकिफिलॅक्सिस, आणि रिसेप्टर डाउनरेग्युलेशन म्हणजे ग्राहींची घट, अशी तीन नावे पाठ्यपुस्तकांत शेजारीशेजारी दिलेली असतात. ती शेजारी असल्यामुळे ती एकाच जातीची आहेत असा समज होतो, आणि माझ्या मते सगळा घोटाळा तेथूनच सुरू होतो. नळाचे पाणी महिनाभरात कमी कमी होत गेले, असे एकाने सांगितले. पाणी घटकाभरात आटले, असे दुसऱ्याने सांगितले. आणि नळाच्या तोट्याच कोणी काढून नेल्या, असे तिसऱ्याने सांगितले, तर पहिल्या दोघांनी जे दिसले ते सांगितले आणि तिसऱ्याने त्याचे एक संभाव्य कारण सांगितले. सह्यता हे दिवसांच्या किंवा आठवड्यांच्या मुदतीत दिसणाऱ्या घटनेचे नाव आहे. टॅकिफिलॅक्सिस हे मिनिटांत किंवा फार तर काही तासांत दिसणाऱ्या घटनेचे. आणि ग्राहींची घट ही पेशीच्या आत घडणारी, मोजून पाहता येणारी, एक विशिष्ट घडामोड आहे. म्हणून एखाद्या रुग्णाविषयी ‘ही सह्यता की ग्राहींची घट’ असा प्रश्न विचारणे सदोष होय. ‘ही सह्यता आहे खरी, पण ती ग्राही घटल्यामुळे आली की अन्य कारणाने’ असा प्रश्न विचारला तरच त्याला उत्तर मिळू शकते.

प्रथम त्या कुत्र्याकडे परत जाऊ. एफेड्रीन हे चीनमध्ये ‘मा हुआंग’ म्हणून प्राचीन काळापासून वापरल्या जाणाऱ्या वनस्पतीतील द्रव्य. जपानी रसायनज्ञ नागाई यांनी ते १८८५ साली वेगळे काढले. परंतु त्याच्या गुणांची खरी चौकशी १९२४ च्या सुमारास पेकिंगच्या वैद्यकीय महाविद्यालयात के. के. चेन आणि कार्ल श्मिट यांनी केली, आणि त्यानंतर ते जगभरच्या दवाखान्यांत पोहोचले. हे द्रव्य स्वतः रक्तवाहिन्यांवर थोडेसेच काम करते. त्याचे मुख्य काम मज्जातंतूंच्या टोकांत शिरून तेथील सूक्ष्म पिशव्यांत साठविलेले नॉरअ‍ॅड्रिनॅलिन बाहेर ढकलणे हे होय. रक्तवाहिनी आकसते ती या बाहेर पडलेल्या द्रव्यामुळे. म्हणजे एफेड्रीन हा दुसऱ्याच्या कोठारातून खर्च करणारा कारभारी आहे. त्या कोठारातील सारा माल त्याला मोकळा नसतो. दाराशी असलेला, चटकन उचलता येणारा, असा थोडा साठाच तो बाहेर काढू शकतो, आणि तो पुन्हा भरून यायला वेळ लागतो. दर पंधरा मिनिटांनी हुकूम सुटला तर शिल्लक संपते, आणि मग हुकूम कितीही मोठ्या आवाजात सोडला तरी त्याची अंमलबजावणी होत नाही. एफेड्रीन शरीरातून लवकर निघून जात नसल्याने आधीच्या मात्रेचा अवशेषही या ओसरण्याला हातभार लावतो हे खरे. परंतु मुख्य कारण शिल्लक संपणे हेच आहे, आणि त्याचा दाखला त्या शेवटच्या डोंगराने दिला. अ‍ॅड्रिनॅलिनला कोठाराची गरज नसते. ते थेट रक्तवाहिनीच्या पेशींवरील ग्राहींना जाऊन भिडते. त्याला पूर्ण प्रतिसाद मिळाला, त्या अर्थी ग्राही आपल्या जागी होते, शाबूत होते, आणि कामावर हजर होते.

हेच अनुमान उलट दिशेनेही पडताळून पाहता येते, आणि त्या पडताळणीचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. सर्पगंधेच्या मुळीचा उच्च रक्तदाबावरील उपयोग मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये आपल्या रुग्णांच्या तपशिलासह मांडला, आणि त्यानंतर तीन वर्षांनी, १९५२ साली, त्या मुळीतून रेसर्पीन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. रेसर्पीनचा गुण असा की, मज्जातंतूंच्या टोकांतील पिशव्यांत नॉरअ‍ॅड्रिनॅलिन भरण्याची व्यवस्थाच ते बंद पाडते, आणि उघड्यावर राहिलेले द्रव्य पेशीतील विकरे नष्ट करतात. म्हणजे ते कोठार हळूहळू रिते करते. पुढे ऑक्सफर्डमध्ये बर्न आणि रँड यांनी १९५८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, रेसर्पीन दिलेल्या प्राण्यांवर टायरामीन या एफेड्रीनच्या जातीच्या, पण केवळ कोठारावरच अवलंबून असणाऱ्या द्रव्याचा काहीच परिणाम होईना. मग त्यांनी त्या प्राण्यांच्या शिरेतून काही वेळ नॉरअ‍ॅड्रिनॅलिनचा संथ प्रवाह सोडला, आणि तो थांबविल्यावर टायरामीन पुन्हा दिले. आता ते काम करू लागले. मज्जातंतूंच्या टोकांनी बाहेरून आलेले द्रव्य उचलून पिशव्यांत भरून घेतले होते. रिते कोठार भरताच प्रतिसाद परत आला, यापेक्षा स्पष्ट साक्ष कोणती हवी?

टॅकिफिलॅक्सिस या शब्दाची व्युत्पत्ती मात्र दिशाभूल करणारी आहे. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ ‘शीघ्र संरक्षण’. चाम्पी आणि ग्ले या फ्रेंच शास्त्रज्ञांनी तो १९११ साली योजिला, तेव्हा त्यांच्यासमोर प्रश्न औषधाचा नसून विषाचा होता: काही अवयवांचा अर्क प्राण्याच्या शिरेत अल्प प्रमाणात दिला असता, थोड्याच वेळाने दिलेली त्याच अर्काची प्राणघातक मात्रा तो प्राणी सहन करी. विषापासून मिळालेले शीघ्र रक्षण ते पाहत होते. आज आपण तोच शब्द उपयोगी औषध शीघ्र निरुपयोगी होण्याला लावतो. शब्दातील कालवाचक अर्धाच आता शिल्लक राहिला आहे, आणि व्यवहारात तेवढाच लक्षात ठेवावा. या जातीच्या ओसरण्याची एक खूण मात्र फार उपयोगी आहे: साठा संपल्यामुळे परिणाम गेला असेल तर मात्रा दुप्पट करूनही तो पूर्ववत येत नाही, आणि काही तासांची विश्रांती दिली तर मात्रा न वाढविताही येतो.

सह्यतेची रीत याच्या अगदी उलट आहे, आणि ती समजून घ्यायला अफूइतका चांगला नमुना नाही. माळव्याच्या अफूच्या व्यापाराने मुंबईच्या भरभराटीला हातभार लावला ही गोष्ट इतिहासात नमूद आहे, आणि त्या शहरातील गिरण्यांत काम करणाऱ्या आया, तान्ह्या मुलाने दिवसभर निजून राहावे म्हणून, अफू घातलेली बाळगोळी त्याला देत असत, हीही. त्या असहाय आयांना दोष देण्याचा अधिकार कोणाला नाही. परंतु जी गोळी पहिल्या आठवड्यात पोराला निजवी ती काही दिवसांनी पुरेनाशी होई, आणि मात्रा वाढवावी लागे, ही सह्यतेची प्रत्यक्ष प्रचीती त्यांना येत असणार. ज्याने कधी अफू घेतलेली नाही अशा प्रौढ माणसाची तीव्र वेदना दहा मिलिग्रॅम मॉर्फीनच्या सुईने शमते. कर्करोगाच्या वेदनेसाठी कित्येक महिने मॉर्फीन घेणाऱ्या रुग्णाला त्याच शमनासाठी दिवसाकाठी शेकडो मिलिग्रॅम लागू शकतात, आणि तेवढी मात्रा तो हिंडत-फिरत घेतो. येथे मात्रा वाढविली की परिणाम येतो. तो नाहीसा झालेला नसतो, फक्त महाग झालेला असतो.

आता या महागाईचे कारण ग्राही कमी होणे हेच असेल, असे कोणालाही प्रथम वाटेल. परंतु मॉर्फीनची सवय लागलेल्या प्राण्यांच्या मेंदूतील ग्राहींची मोजदाद केली असता, सह्यता जितकी वाढलेली असते तितक्या प्रमाणात ती संख्या घटलेली आढळत नाही. पुष्कळदा फारसा फरकच आढळत नाही. एटॉर्फीनसारखे त्याच ग्राहींवर काम करणारे दुसरे प्रबळ द्रव्य दिले तर ग्राही खरोखर घटतात, पण मॉर्फीन ग्राहींना पेशीच्या आत ओढून नेण्याच्या कामी विलक्षण मंद आहे. मग सह्यता येते कोठून? याचे एक उत्तर १९७५ साली शर्मा, क्ली आणि मार्शल निरेनबर्ग यांनी प्रयोगशाळेत वाढविलेल्या चेतापेशीसदृश पेशींवर दाखवून दिले. मॉर्फीन पेशीच्या आतील चक्रीय एएमपी या निरोप्याचे उत्पादन कमी करते. पेशी हे उत्पादन करणारे विकर हळूहळू अधिक कार्यक्षम करून तूट भरून काढते, आणि दोन दिवसांत मॉर्फीन असतानाही निरोप्याचे प्रमाण पूर्ववत होते. ग्राही जागेवर, औषध ग्राहीवर, आणि तरी परिणाम नाही. कारण तराजूच्या दुसऱ्या पारड्यात पेशीने तेवढेच वजन टाकलेले असते. मॉर्फीन अचानक काढून घेतले की हे वजन एकटे उरते, आणि निरोप्याचे प्रमाण मूळ पातळीच्याही वर उसळते. अफू सुटलेल्या माणसाला जांभया, डोळ्यांतून पाणी, अंगावर काटा आणि जुलाब यांनी जी यातना होते ती या उघड्या पडलेल्या पारड्याची होय. टॅकिफिलॅक्सिसच्या कोठाराला असे प्रतिवजन नसते, म्हणून एफेड्रीनचा तो प्रयोग संपल्यावर कुत्र्याला अशी कोणतीही यातना होत नाही.

सह्यता सर्व शरीराला एकदम येत नाही, ही गोष्ट वैद्याने विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे. वेदनाशमन, उलटी, सुखभ्रम आणि श्वास मंद होणे यांना सह्यता येते. बद्धकोष्ठाला आणि बाहुली आकुंचित होण्याला जवळजवळ येत नाही. म्हणून दीर्घकाल मॉर्फीन घेणाऱ्या रुग्णाला रेचक पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत द्यावेच लागते, आणि कितीही मोठ्या मात्रेला सरावलेल्या माणसाची बाहुली टाचणीच्या टोकाएवढीच राहते.

आणि सह्यतेचा एक भाग तर पेशीतही नसतो. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ शेपर्ड सीगल यांनी १९८२ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग वाचला तेव्हा मी कितीतरी दिवस अस्वस्थ होतो. उंदरांना ठरावीक खोलीत, दिवसांच्या अंतराने, वाढत्या मात्रेत हेरॉइन देऊन त्यांना सह्यता आणविली, आणि शेवटी सर्वांना एकच मोठी मात्रा दिली. ज्यांना पूर्वी हेरॉइन कधीच मिळालेले नव्हते त्यांच्यातील ९६ टक्के मेले. ज्यांना ते नेहमीच्या खोलीत मिळाले त्यांच्यातील ३२ टक्के. आणि ज्यांना तितकीच सवय असूनही ही शेवटची मात्रा अनोळखी खोलीत मिळाली त्यांच्यातील ६४ टक्के. सवय असलेल्या दोन्ही टोळ्यांनी सारखेच औषध घेतले होते. फरक केवळ भिंतींचा होता. ओळखीच्या जागी शरीर औषध येण्याआधीच त्याच्या विरुद्ध तयारी करून ठेवते, आणि अनोळखी जागी ती तयारी झालेली नसते. नेहमीची मात्रा परगावी, परक्या खोलीत घेऊन व्यसनी माणूस का दगावतो याचा एक उलगडा यात आहे. दुसरा उलगडा अधिक साधा आहे: तुरुंगात किंवा उपचारगृहात काही आठवडे अफूविना काढलेल्या माणसाची सह्यता गेलेली असते, पण जुन्या मात्रेची आठवण गेलेली नसते.

याखेरीज यकृतातील विकरे वाढून औषधाचा निचरा लवकर होऊ लागतो, अशीही एक सह्यता आहे. फेनोबार्बिटोन हे तिचे ठळक उदाहरण. तेथे पेशीपर्यंत औषध कमीच पोहोचते, आणि रक्तातील प्रमाण मोजले की ती ओळखता येते.

आता तिसऱ्या नावाकडे वळू. ग्राही म्हणजे पेशीच्या पडद्यात बसविलेला प्रथिनाचा रेणू, जो बाहेरचे द्रव्य ओळखतो आणि आत वर्दी देतो. बीटा जातीच्या ग्राहीवर अ‍ॅड्रिनॅलिनसदृश द्रव्य सतत आदळत राहिले असता काय होते, याचा क्रमवार तपास अमेरिकेत रॉबर्ट लेफ्कोविट्झ यांच्या प्रयोगशाळेत झाला, आणि २०१२ च्या नोबेल पारितोषिकाच्या वेळी या ग्राहींवरील त्यांच्या आयुष्यभराच्या कार्याचा गौरव झाला. प्रथम काही सेकंद ते मिनिटांत एक विकर ग्राहीच्या आतल्या टोकावर फॉस्फेटची खूण करते, आणि त्या खुणेवर अरेस्टिन नावाचे प्रथिन येऊन बसते. ग्राही जागेवर असतो, पण त्याची वर्दी आत जात नाही. मग काही मिनिटांत असे ग्राही पडद्यासह आत ओढले जाऊन लहान पिशव्यांत बंद होतात. त्यांतील कित्येकांची खूण पुसली जाते आणि ते पुन्हा पडद्यावर रुजू होतात. परंतु उत्तेजन तासन् तास चालू राहिले, तर ते पाचक पिशव्यांत पाठविले जाऊन नष्ट होतात, आणि नवे ग्राही बनविण्याचा कारभारही मंदावतो. या अखेरच्या पायरीलाच, म्हणजे पेशीतील एकूण संख्या खरोखर कमी होण्याला, ग्राहींची घट म्हणावे. पहिल्या दोन पायऱ्यांना तेच नाव देण्याची चूक चांगल्या पुस्तकांतही आढळते. तिचा तोटा असा की, आत ओढलेला ग्राही मिनिटांत परत येऊ शकतो, पण नष्ट झालेल्याच्या जागी नवा घडवावा लागतो, आणि त्याला पुष्कळ तास किंवा दिवस लागतात. रुग्णाला किती विश्रांती द्यावी हे या फरकावर ठरते.

हा फरक ओळखण्याची युक्ती मला फार देखणी वाटते. किरणोत्सर्गी खूण लावलेले, ग्राहीला घट्ट चिकटणारे द्रव्य पेशींवर सोडून ग्राही मोजतात. हे द्रव्य पाण्यात विरघळणारे निवडले तर ते पेशीत शिरू शकत नाही, आणि पडद्यावरच्यांचीच हजेरी लागते. मेदात विरघळणारे निवडले तर ते आतही शिरते, आणि पटावरच्या सगळ्यांची मोजदाद होते. पहिला आकडा कमी आणि दुसरा कायम असेल तर ग्राही केवळ आत गेलेले आहेत. दोन्ही आकडे कमी असतील तर ते खरोखरच घटले आहेत.

ग्राही घटले म्हणजे परिणाम तेवढाच घटला, असेही समजू नये. पुष्कळ पेशींत पूर्ण परिणामासाठी लागतात त्याहून कितीतरी अधिक ग्राही असतात. दम्याच्या रुग्णाने साल्ब्युटामॉल नियमित घेतले असता हातांचा कंप काही दिवसांत कमी होतो, परंतु श्वासनलिका मोकळी होण्याचे काम बहुतांशी टिकून राहते. श्वासनलिकेच्या स्नायूत ग्राहींची राखीव संख्या मोठी असते, हे याचे एक कारण मानले जाते. याचाच अर्थ असा की ग्राहींची घट सह्यतेवाचून असू शकते, जशी मॉर्फीनची सह्यता ग्राहींच्या घटीवाचून असते.

ग्राहींची घट मुद्दाम घडवून आणण्यासाठी जे औषध दिले जाते, त्याचा एक रुग्ण तपशिलाने पाहू. कारण येथे सह्यता हा उपचारातील अडथळा नसून तोच उपचार आहे. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस जीएनआरएच नावाचे संप्रेरक सोडतो, ते पीयूषिका ग्रंथीला आदेश देते, आणि तिच्या संप्रेरकांमुळे वृषणे किंवा बीजकोश कामाला लागतात. पिट्सबर्गमध्ये अर्न्स्ट नोबिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली, ज्यांच्या हायपोथॅलॅमसमधील हे केंद्र नष्ट केलेले होते अशा माकडिणींना हे संप्रेरक बाहेरून दिले. तासातून एकदा, सहा मिनिटे, असे दिले तेव्हा पीयूषिका काम करू लागली. तेच अखंड धारेने दिले तेव्हा, एकूण संप्रेरक अधिक पोहोचत असूनही, तिचा स्राव पडत गेला. आणि पुन्हा तासातून एकदा देऊ लागताच तो परत आला. एकच शब्द थांबून थांबून उच्चारला तर ग्रंथी ऐकते, अखंड उच्चारला तर ऐकणे बंद करते, हे यावरून निश्चित झाले.

आता सत्तरीचा, प्रोस्टेटचा कर्करोग पाठीच्या मणक्यांत पसरलेला, असा रुग्ण समोर आहे असे समजा. टेस्टोस्टेरॉनवर पोसणारा हा रोग आवरण्यासाठी त्याला ल्युप्रोलाइड, म्हणजे जीएनआरएचचेच टिकाऊ रूप, महिनाभर झिरपत राहील अशा सुईने दिले जाते. पहिल्या दिवसांत ते उत्तेजकच असते. टेस्टोस्टेरॉन घटण्याऐवजी चढते, आणि मणक्यांतील गाठ मज्जारज्जूच्या जवळ असेल तर या चढीत पायांतील शक्ती जाण्याचा धोका असतो. म्हणून शहाणा वैद्य सुईच्या आधीपासूनच बायकॅल्युटामाइडसारखे, टेस्टोस्टेरॉनला अडविणारे औषध सुरू करतो आणि पहिले काही आठवडे चालू ठेवतो. दुसऱ्या आठवड्यापासून टेस्टोस्टेरॉन उतरू लागते, आणि साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास ते डेसिलिटरला पन्नास नॅनोग्रॅमच्या खाली, म्हणजे वृषणे काढून टाकल्यासारख्या पातळीला, येते. या दिरंगाईचा अर्थ लागतो. बीटा ग्राहीला आतल्या बाजूला जे लांब शेपूट असते आणि ज्यावर ती शीघ्र खूण होते, ते या जीएनआरएच ग्राहीला मुळी नाहीच. म्हणून मिनिटांत गप्प होण्याची सोय त्याच्यापाशी नाही, आणि टॅकिफिलॅक्सिस येथे दिसत नाही. त्याला गप्प करण्याचा मार्ग हळूहळू संख्या घटविण्याचा, आणि त्याबरोबरच पेशीच्या आतील यंत्रणा मंद करण्याचा. या दुसऱ्या भागामुळे सारे श्रेय ग्राहींच्या घटीलाच देता येत नाही. डेगॅरेलिक्ससारखे नुसते अडविणारे औषध दिले तर टेस्टोस्टेरॉनची चढ येतच नाही, कारण तेथे ग्राही उत्तेजित होऊन थकण्याची वाट पाहावी लागत नाही.

ल्युप्रोलाइड अकाली वयात येणाऱ्या मुलींनाही देतात. सहा-सात वर्षांच्या मुलीला स्तनवृद्धी दिसू लागते, हाडांचे वय तिच्या वयाच्या पुढे धावते, आणि उंची वेळेआधी खुंटण्याची भीती असते. तेव्हा महिन्याला किंवा तीन महिन्यांनी सुई देऊन पीयूषिका निजवून ठेवतात. घरच्या मंडळींची पहिली धास्ती नेहमी एकच असते: ही निजलेली ग्रंथी पुढे जागी होईल ना? अकराव्या वर्षाच्या सुमारास सुया थांबवितात. अखंड धार ओसरते, पेशी नवे ग्राही घडवून पडद्यावर बसवितात, आणि हायपोथॅलॅमसचे ते जुने, थांबून थांबून येणारे आदेश, जे या सर्व वर्षांत निष्फळ ठरत होते, ते पुन्हा ऐकू येऊ लागतात. काही महिन्यांत स्तनवृद्धी पुढे सरकते, आणि बहुधा वर्ष-दीड वर्षात त्या मुलीला पहिली पाळी येते.